आधी कोणती बॅच द्यायची आणि उरलेला माल कधी परत करायचा

प्रश्न : "माझे तालुक्यापासून वीस किलोमीटरवरच्या गावात छोटे मेडिकल आहे. बिलिंग कंप्युटरवर होते, तरी दर दिवाळीला आवराआवर केली की पेटीभर एक्सपायरी माल निघतो. होलसेलर कधी म्हणतो उशीर झाला, कधी म्हणतो ही बॅच तुमच्या बिलात नाही. जुना माल आधी द्यायचा हे मुलाला सांगितले आहे, तरी असे का होते? आणि परतीचा माल नेमका केव्हा पाठवावा?"

उत्तर :

तुमच्या मुलाला दिलेल्या सूचनेपासूनच सुरुवात करतो, कारण अडचणीचे मूळ तिथे आहे. जुना माल आधी देणे आणि आधी मुदत संपणारा माल आधी देणे या दोन वेगळ्या पद्धती आहेत. धान्याच्या किंवा किराण्याच्या दुकानात दोन्हींचा परिणाम बहुधा सारखाच होतो. औषधांत तसे होत नाही, कारण एप्रिलमध्ये आलेल्या बॅचची मुदत फेब्रुवारीपर्यंत आणि जुलैमध्ये आलेल्या बॅचची मुदत नोव्हेंबरपर्यंतच असू शकते. होलसेलरच्या गोदामात मागे राहिलेला माल स्कीम लावून खेड्यांतल्या दुकानांकडे पाठवला जाण्याचे प्रमाण बरेच आहे. तो माल तुमच्याकडे 'नवा' म्हणून येतो, मागच्या रांगेत जातो आणि मागेच मुदत संपवतो. त्यामुळे मुलाने आवक केव्हाची आहे ते पाहू नये, गोळ्यांच्या पत्त्यावर छापलेला महिना पाहावा.

छापलेल्या महिन्याचा अर्थही एकदा नीट ठरवून घ्यावा. आपल्याकडे लेबलवर मुदत महिना आणि वर्ष या रूपात असते आणि नियमांप्रमाणे त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध वापरण्यायोग्य मानले जाते. म्हणजे 11/2026 असे छापलेले औषध 30 नोव्हेंबर 2026 पर्यंत चालते. काही दुकानांत आवक नोंदवताना कंप्युटरवर महिन्याची पहिली तारीख पडते आणि मग चांगला माल महिनाभर आधीच बाद दिसू लागतो. याच्या उलट, 2026 ऐवजी 2027 टाइप झाले तर तो माल कोणत्याही यादीत येत नाही आणि थेट दिवाळीच्या आवराआवरीत सापडतो. तुमच्या पेटीतल्या दोन-चार वस्तूंची आवक नोंद उघडून ही चूक झाली आहे का ते पाहावे.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक बॅचला छापलेल्या तारखेखेरीज आणखी दोन तारखा असतात आणि त्या कुठेही छापलेल्या नसतात, दुकानदारालाच काढाव्या लागतात. पहिली म्हणजे ती बॅच गिऱ्हाइकाला देण्याची शेवटची तारीख. कायदा मुदत संपल्यानंतर विकायला मनाई करतो, पण रक्तदाबाच्या पेशंटला 20 नोव्हेंबरला महिन्याच्या गोळ्या दिल्या तर त्यातल्या निम्म्याहून अधिक गोळ्या तो मुदत संपल्यावर खाणार आहे. म्हणून पेशंट जितक्या दिवसांचे औषध नेतो तितके दिवस मुदतीतून वजा करावेत. पाच दिवसांच्या अँटिबायोटिकला पाच-सात दिवस पुरतात, महिन्याच्या गोळ्यांना महिना लागतो. कापूस वेचणीच्या दिवसांत किंवा मुलाकडे पुण्याला जाताना जो दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम नेतो, त्याला दोन महिने सोडावे लागतात. तापाची गोळी, अ‍ॅसिडिटीची गोळी, मलम अशा वस्तू लोक घरच्या डब्यात ठेवून गरजेप्रमाणे वापरतात. त्यांच्यासाठी मी निदान तीन महिने शिल्लक ठेवतो आणि त्याहून कमी मुदतीचा पत्ता द्यावाच लागला तर महिना दाखवून देतो.

दुसरी न छापलेली तारीख म्हणजे तो माल परत करण्याची शेवटची तारीख, आणि तुमचे नुकसान मुख्यतः इथे होत असावे. परत करण्याचे दोन मार्ग आहेत आणि ते वेगवेगळ्या काळात उघडे असतात. पहिल्या मार्गाने जाणारा माल अजून विकण्यासारखा असतो. तुमच्याकडे खपत नाही एवढेच, पण होलसेलर तो दुसऱ्या दुकानाला देऊ शकतो, म्हणून तो बिलाच्या दराने परत घ्यायला सहसा तयार होतो. मला माल देणारे बहुतेक होलसेलर यासाठी किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी अशी अपेक्षा ठेवतात. दुसरा मार्ग एक्सपायरी क्लेमचा. तो माल होलसेलरमार्फत कंपनीकडे जातो, कंपनी मंजूर करील तेवढ्याची क्रेडिट नोट येते, तीही उशिराने आणि बऱ्याचदा काही रक्कम कापून. हा मार्ग अनेक कंपन्यांच्या बाबतीत मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी उघडतो आणि संपल्यावर काही महिन्यांत बंद होतो. प्रत्येक कंपनीचे आणि होलसेलरचे हे महिने वेगळे असतात, म्हणून ते तोंडी न ठेवता त्याच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्यावेत आणि काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवावेत.

या दोन मार्गांच्या मध्ये तीन-चार महिन्यांचा काळ असा येतो की माल ना परत जातो, ना क्लेममध्ये बसतो. त्या काळात तो फक्त तुमच्या गिऱ्हाइकालाच देता येतो. दुकानदाराचे लक्ष साधारणतः याच काळात त्या मालाकडे जाते, कारण तेव्हाच तो 'जवळ आलेला' वाटतो. हिशेब त्याच्या आधी, पहिला मार्ग बंद होण्यापूर्वी करायला हवा.

एक उदाहरण पूर्ण मांडतो, म्हणजे पद्धत हातात येईल. समजा 1 ऑगस्ट 2026 रोजी तुमच्याकडे टेल्मिसार्टन 40 च्या एका ब्रँडच्या दोन बॅचेस आहेत आणि पत्ता दहा गोळ्यांचा आहे. 'अ' बॅच एप्रिलमध्ये आली, वीस पत्ते, म्हणजे दहा-दहाचे दोन डबे, मुदत 02/2027. 'ब' बॅच जुलैमध्ये दहावर दोन मोफत अशा स्कीमने आली, बारा पत्ते, मुदत 11/2026. गावात हा ब्रँड दोनच पेशंट घेतात, दोघेही रोज एक गोळी, म्हणजे महिन्याला प्रत्येकी तीन आणि एकूण सहा पत्ते जातात. महिन्याचा डोस देण्याची शेवटची तारीख 'ब' साठी 1 नोव्हेंबर येते, कारण त्या दिवसापासूनच्या तीस गोळ्या 30 नोव्हेंबरला संपतात. 'अ' साठी ती 30 जानेवारी येते.

मुलाने आवकेच्या क्रमाने, म्हणजे 'अ' आधी काढली, तर ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर या तीन महिन्यांत 'अ'चे अठरा पत्ते जातील आणि नोव्हेंबर उजाडेल तेव्हा 'ब'चे बाराच्या बारा पत्ते फळीवर असतील. पेशंटला महिन्याचा डोस देण्यासाठी ते आता उपयोगाचे नाहीत. त्याने मुदतीच्या क्रमाने 'ब' आधी काढली, तर ते बारा पत्ते ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्येच संपतील, 'अ' ऑक्टोबरपासून सुरू होईल आणि जानेवारीअखेरपर्यंत तिला चार महिने मिळतील. चार महिन्यांत चोवीस पत्त्यांचा खप आहे आणि पत्ते वीस आहेत, म्हणजे काहीच उरत नाही. दोन्ही बाबतींत माल तोच, पेशंट तेच आणि खरेदीही तीच आहे. शिवाय या बत्तीस पत्त्यांना पाच महिन्यांहून अधिक काळ पुरायचे असल्याने डिसेंबरच्या शेवटापर्यंत या गोळीची नवी ऑर्डर द्यायची नाही, हेही त्याच हिशेबात कळते. एमआर नवी स्कीम घेऊन आला तरी उत्तर तयार असते.

आता यात एक बदल करून पाहू, कारण गावातला खप असा सरळ राहत नाही. ऑगस्टचे सहा पत्ते गेले आणि महिन्याच्या अखेरीस दोघांपैकी एका पेशंटची गोळी डॉक्टरांनी बदलली. 1 सप्टेंबरला 'ब'चे सहा आणि 'अ'चे वीस पत्ते शिल्लक आहेत आणि खप महिन्याला तीन पत्त्यांवर आला आहे. 'ब'चे सहा पत्ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जेमतेम संपतील. 'अ'ला नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी मिळतील, म्हणजे नऊ पत्ते जातील आणि अकरा उरतील. हे अकरा पत्ते उरणार आहेत हे तुम्हाला 1 सप्टेंबरलाच कळते, आणि त्या दिवशी 'अ'ची मुदत अजून बरोबर सहा महिने आहे. म्हणून त्याच आठवड्यात न फोडलेला दहा पत्त्यांचा डबा मूळ बिलासह होलसेलरकडे परत पाठवावा. 'अ'वर स्कीम नव्हती, त्यामुळे बिलाचा पूर्ण दर मिळायला हरकत नसते. मागे राहिलेल्या दहापैकी एखादा पत्ता उरेल, तो पुढे क्लेममध्ये जाईल. हाच डबा जानेवारीत आठवला असता, तर दहाही पत्ते क्लेमच्या रांगेत गेले असते.

हा हिशेब दुकानातल्या प्रत्येक औषधासाठी दर महिन्याला करणे कुणालाच शक्य नाही आणि गरजही नाही. मी बारा पानांची एक साधी वही ठेवतो, एका पानाला एक महिना. माल आला आणि त्याची मुदत येत्या वर्षभरातली असेल, तर त्या महिन्याच्या पानावर औषधाचे नाव, बॅच नंबर, पत्त्यांची संख्या आणि होलसेलरचे नाव लिहितो. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा माल लिहीत नाही. तो नंतर फळी तपासताना आपोआप पानावर येतो. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दोनच पाने उघडायची. सहा महिने पुढचे पान उघडून वरच्यासारखा हिशेब करायचा आणि परत पाठवायचे ठरवायचे. चालू महिन्याचे पान उघडून उरलेला माल फळीवरून काढायचा. कंप्युटरमधला नियर एक्सपायरी रिपोर्ट हेच काम करतो आणि तो जरूर काढावा, पण त्याचा भरवसा आवक नोंदीवर असतो, तर वही हातातल्या पत्त्यावरून लिहिलेली असते. दोन्हींत फरक निघाला की चूक कुठे आहे ते शोधता येते.

फळी तपासण्यासाठी दुकानाचे चार भाग करून आठवड्याला एक भाग घ्यावा. आमच्याकडे आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गर्दी कमी असते, तो दिवस या कामाला चांगला. तपासताना पुढच्या रांगेत सर्वांत जवळच्या मुदतीचा माल आहे का एवढेच पाहायचे. एकाच औषधाच्या दोन बॅचेस एका डब्यात एकत्र करू नयेत. वेगवेगळी रबरबँड लावावीत आणि डब्याच्या दर्शनी बाजूला मार्करने '11/26' असा महिना मोठा लिहावा. पत्त्याच्या छपाईवर मात्र पेन चालवू नये आणि स्टिकर लावू नये, कारण बॅच किंवा मुदत झाकली गेली की तो पत्ता परत घेतला जात नाही.

तुमच्या होलसेलरचे दुसरे कारण, 'ही बॅच तुमच्या बिलात नाही', याची दोन मुळे असू शकतात. एकच औषध तुम्ही दोन होलसेलरांकडून घेत असाल आणि परतीच्या वेळी एकाचा माल दुसऱ्याकडे गेला असेल, तर त्याचे म्हणणे बरोबर आहे. त्याच्या बिलात नसलेल्या बॅचचा क्लेम तो पुढे देऊ शकत नाही. दुसरे मूळ तुमच्या काउंटरवर आहे. बिलिंगच्या वेळी कंप्युटर जवळच्या मुदतीची बॅच आपोआप उचलतो आणि मुलगा मात्र फळीवर जो पत्ता हाताला येईल तो देतो. बिलावर 'ब' जाते, पिशवीत 'अ' जाते. कंप्युटरच्या हिशेबाने 'ब' संपलेली असते, प्रत्यक्षात ती फळीवर पडून असते, आणि परतीची नोंद करू गेले की त्या बॅचचा साठा शून्य दिसतो. मग घाईत समोर दिसेल ती बॅच निवडून परतीचे चलन काढले जाते आणि होलसेलरला चलनावरचा बॅच नंबर आणि खोक्यातला पत्ता वेगळा दिसतो.

हे होते आहे का ते ओळखणे सोपे आहे. महिन्यातून एकदा कोणतीही दहा औषधे निवडावीत, फळीवरच्या बॅचेस आणि त्यांची संख्या कागदावर लिहावी आणि मग कंप्युटरशी ताडून पाहावी. एकूण संख्या जुळते पण बॅचनिहाय संख्या जुळत नाही असे दोन-तीन औषधांत दिसले, तर पत्ता आणि बिल यांची फारकत झालेली आहे. उपाय एकच : पत्ता फळीवरून काढल्यावर त्यावरचा बॅच नंबर पाहून बिलात तोच निवडायचा. यात गिऱ्हाइकामागे काही सेकंद जास्त जातात, पण एखादी बॅच कंपनीने किंवा अन्न व औषध प्रशासनाने बाजारातून परत मागवली, तर ती कोणाला दिली हे सांगण्याचा याच्याशिवाय मार्ग नाही. शेड्यूल एच-1 च्या औषधांची नोंद तर वेगळ्या रजिस्टरमध्ये तीन वर्षे जपून ठेवावी लागते.

आपल्या भागात सुट्या गोळ्यांची विक्री मोठी आहे. रोजमजुरीवरचा माणूस दोन गोळ्या मागतो आणि त्याला अख्खा पत्ता घे म्हणणे बरोबर नाही. पण फोडलेला पत्ता होलसेलर बहुधा परत घेत नाही, म्हणून त्याची शिस्त वेगळी ठेवावी. बॅच आणि मुदत पत्त्याच्या ज्या कडेला छापलेली असते, त्याच्या विरुद्ध कडेने गोळ्या कापत जावे, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत छपाई शाबूत राहते. एका औषधाचा एकच पत्ता फोडलेला असावा, तोही सर्वांत जवळच्या मुदतीच्या बॅचचा, आणि तो काउंटरजवळच्या वेगळ्या ट्रेमध्ये राहावा. मुदत कापून गेलेला तुकडा सापडला, तर तो अंदाजाने कोणालाही देऊ नये.

हंगामी औषधांसाठी वरचा महिन्याचा सरासरी खप फसवा ठरतो. खोकल्याची सिरप डिसेंबर-जानेवारीत भरभरून जाते आणि मार्चनंतर जवळजवळ थांबते; ओआरएसची पाकिटे एप्रिल ते जूनमध्ये जातात; तापाच्या औषधांना पावसाळ्यात आणि त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत मागणी असते. फेब्रुवारीत खोकल्याच्या सिरपच्या पंधरा बाटल्या उरल्या आणि त्यांची मुदत ऑक्टोबरची असेल, तर कागदावर आठ महिने दिसतात. पण पुढचा हिवाळा त्यांना लाभणारच नाही, म्हणजे विक्रीच्या दृष्टीने त्या बाटल्या फेब्रुवारीतच संपल्या आहेत. म्हणून हंगाम संपताच एकच प्रश्न विचारावा : ही मुदत पुढचा हंगाम ओलांडते का? ओलांडत नसेल, तर पावसाळ्यातल्या किरकोळ खपापुरत्या दोन-चार बाटल्या ठेवून बाकीच्या त्याच महिन्यात, पहिल्या मार्गाने, परत कराव्यात.

परतीची अर्धी लढाई माल उतरवून घेतानाच लढायची असते. नागपूरहून किंवा यवतमाळहून पार्सल संध्याकाळच्या गाडीने येते आणि घाईत खोके तसेच आत जाते. ते त्याच दिवशी उघडून बिलावरची बॅच आणि मुदत प्रत्यक्ष पत्त्याशी ताडावी. डब्यावरच्या छपाईवर थांबू नये, आतला पत्ता पाहावा. वर्षभर चालणाऱ्या औषधाची मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी असेल आणि आपला खप त्यात बसत नसेल, तर त्याच दिवशी फोटो काढून होलसेलरला कळवावे आणि पुढच्या गाडीने माल परत द्यावा. आठवड्याने सांगितलेली तक्रार 'तुम्ही घेतलाच कशाला' या उत्तराने संपते. स्कीमच्या मालाबाबत विशेष सावध राहावे. मोफत पत्त्यांचा भाग क्लेममध्ये बहुधा वजा होतो, आणि नेट दराने घेतलेला किंवा मोठ्या मार्जिनचा जेनेरिक माल अनेकदा 'परत घेतला जाणार नाही' या अटीवर दिलेला असतो. अशा मालाला दुसरी न छापलेली तारीख नसतेच, म्हणून तो तुमच्या दोन महिन्यांच्या खपापेक्षा अधिक घेऊ नये, स्कीम कितीही चांगली असली तरी.

इथे एक सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल, तो मानू नये. शेजारच्या गावातल्या ओळखीच्या मेडिकलला जवळच्या मुदतीचे पत्ते देऊन टाकणे सोयीचे वाटते. पण पुन्हा विकण्यासाठी दुसऱ्या दुकानाला औषध देणे ही कायद्याने घाऊक विक्री ठरते आणि तुमचा किरकोळ परवाना तिला चालत नाही. शिवाय त्या मालाचा मूळ बिलाशी असलेला धागा तुटतो आणि पुढे तो कुणालाच परत करता येत नाही. माल आला त्याच वाटेने परत गेला पाहिजे. तसेच, माल संपवण्यासाठी डॉक्टरांनी लिहिलेल्यापेक्षा जास्त गोळ्या पेशंटच्या हाती देऊ नयेत किंवा ब्रँड परस्पर बदलू नये.

ज्या मालाची मुदत संपलीच आहे त्याबद्दल नियम स्पष्ट आहे. पूर्वी औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या औषधे नियम, 1945 मधल्या नियम 65 प्रमाणे मुदत संपलेले औषध विकता येत नाही आणि दुकानात ठेवताही येत नाही. मात्र उत्पादक किंवा त्याच्या प्रतिनिधीकडे ते परत देण्याची किंवा त्याचा परतावा मिळण्याची कार्यवाही सुरू केली असेल, तर तोपर्यंत ते विक्रीच्या मालापासून वेगळे, खोक्यात बंद करून आणि खोक्याच्या वरच्या बाजूला 'नॉट फॉर सेल' असे ठळक लिहून ठेवता येते. दिवाळीपर्यंत जमवलेली तुमची पेटी या अटीत बसते का ते पाहावे. कार्यवाही सुरू केल्याचा कागद नसेल, तर तपासणीत ती पेटी फक्त दुकानात सापडलेला मुदतबाह्य साठा ठरते.

म्हणून परतीचा कागद नीट करावा. प्रत्येक होलसेलरसाठी वेगळी यादी करावी आणि तिच्यात औषध, बॅच, मुदत, पत्ते, खरेदी दर, खरेदी बिलाचा नंबर आणि तारीख लिहावी. यादीच्या दोन प्रती काढाव्यात आणि माल नेणाऱ्या माणसाची सही व तारीख आपल्या प्रतीवर घ्यावी. तारखेला फार महत्त्व आहे. माझा परतीचा एक खोका एका होलसेलरच्या गोदामात तसाच पडून राहिला आणि कंपनीची मुदत निघून गेल्यावर उशिराचे खापर माझ्यावर आले. सहीची तारीख हातात होती म्हणूनच रक्कम मिळाली. यादी दिल्यावर वहीत त्या होलसेलरच्या नावावर 'येणे' म्हणून रक्कम लिहावी आणि क्रेडिट नोट आल्यावर पत्ते, दर आणि कापलेली रक्कम ताडून मगच ती खोडावी. क्रेडिट नोट पुढच्या बिलात वळती झाली असे फोनवर सांगितले जाते, तेव्हा त्या बिलात ती खरोखर वजा झाली आहे का हे पाहिल्याशिवाय मानू नये. जीएसटीसह क्रेडिट नोट आली आणि तुम्ही त्या खरेदीचे इनपुट क्रेडिट घेतले असेल, तर तेवढे उलटवावे लागते. मुदत संपलेल्या औषधांच्या परतीबाबत 2018 मध्ये निघालेले परिपत्रक क्रमांक 72 तुमच्या कर सल्लागाराला दाखवावे.

या सगळ्या हिशेबामागे एक गृहीत आहे की औषध लेबलवर सांगितलेल्या तापमानात राहिले आहे. विदर्भातल्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि टिनाच्या छताखालच्या वरच्या फळीवर त्याहून अधिक. '30 अंशांखाली ठेवा' असे लिहिलेल्या औषधाची छापील मुदत तिथे लागू पडत नाही. चिकटलेल्या सॉफ्टजेल कॅप्सूल, वितळून पुन्हा थिजलेल्या सपोझिटरी, रंग बदललेली सिरप मुदत शिल्लक असली तरी देऊ नयेत, आणि उष्णतेने बिघडलेला माल क्लेममध्येही नाकारला जातो. उन्हाळ्यात वरची फळी रिकामी करून तिथे कापूस, बँडेज, डायपर ठेवावेत आणि औषधे खाली, उन्हापासून दूरच्या भिंतीकडे आणावीत. इन्सुलिन 2 ते 8 अंशांत राहिले पाहिजे. लोडशेडिंगच्या गावात फ्रिजमध्ये थर्मामीटर असल्याखेरीज त्याची जादा खरेदी करू नये, कारण इन्सुलिनला गरमी लागली हे बाहेरून नेहमी दिसत नाही.

तुमच्या सध्याच्या पेटीपुरते सांगायचे, तर या आठवड्यात ती उघडून तीन वाटे करावेत. मुदत संपून थोडेच महिने झालेला, बिल सापडणारा आणि पत्ता न फोडलेला माल यादीसह लगेच होलसेलरकडे द्यावा. बिल सापडत नसलेल्या मालासाठी बॅच नंबर आणि महिना देऊन होलसेलरकडून जुन्या बिलाची प्रत मागवावी. त्याच्या कंप्युटरवर ती बहुधा मिळते. फोडलेले पत्ते आणि कोणीच न घेणारा माल नाल्यात, उकिरड्यावर किंवा परसात जाळून टाकू नये. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत मुदतबाह्य औषधे पिवळ्या गटात येतात, म्हणून जिल्ह्यातला हा कचरा उचलणाऱ्या अधिकृत केंद्राकडे तो यादी करून सोपवावा आणि पावती परतीच्या फाइलमध्येच लावावी. दम्याचे इनहेलर जाळात फुटतात, ते या वाट्यात असतील तर वेगळे बांधून त्यावर तसे लिहून द्यावे.